आवडती मालिका बंद झाली तर: ती परत कशी येते, आणि बहुतेकदा का येत नाही

मालिका रद्द झाल्याची बातमी येते तेव्हा बहुतेक वेळा इतकंच घडलेलं असतं की एका खरेदीदाराने पुढचे भाग घ्यायला नकार दिलेला असतो. अमेरिकेत मालिका बनवणारी संस्था एक आणि ती दाखवणारी वाहिनी दुसरी, असं पुष्कळदा असतं. बनवणाऱ्याकडे मालिका तशीच राहते, फक्त तिला गिऱ्हाईक उरत नाही. मग प्रश्न दोनच राहतात. दुसरं गिऱ्हाईक मिळण्यासारखं आहे का? आणि ते मिळेपर्यंत कलाकार व सेट टिकतील का? चाहत्यांनी करायचं जे काही आहे ते या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतं.

हे नीट समजून घ्यायला ‘द एक्सपान्स’ ही अंतराळातली मालिका उत्तम आहे. ११ मे २०१८ ला ती रद्द झाली आणि २५ मे २०१८ ला वाचली. त्या दोन आठवड्यांत काय काय जुळून आलं ते पाहिलं की बाकीच्या मोहिमा का फसतात तेही कळतं.

पायरी १: मालिका बंद का झाली ते शोधा

‘एक्सपान्स’ बनवत होती अल्कॉन ही निर्मिती संस्था आणि अमेरिकेत दाखवत होती सायफाय ही केबल वाहिनी. समीक्षक मालिकेवर खूश होते, पाहणारेही कमी नव्हते. तरी सायफायला ती परवडेना, कारण त्यांनी विकत घेतलेला हक्क फारच अरुंद होता: अमेरिकेत, वाहिनीवरून, पहिलं प्रक्षेपण. जुने सीझन ऑनलाइन दाखवायचे हक्क अमेरिकेत ॲमेझॉनकडे होते आणि बाहेरच्या बहुतेक देशांत नेटफ्लिक्सकडे. म्हणजे जो प्रेक्षक चार महिन्यांनी निवांतपणे सगळे भाग एका दमात बघणार, त्याचा एक पैसा सायफायला मिळणार नव्हता. त्यांची कमाई होती ती जाहिरातींची. तिथले जाहिरातदार साधारणपणे प्रक्षेपणानंतर तीन किंवा सात दिवसांच्या आत, जाहिरातीसकट भाग पाहणारे तेवढेच हिशेबात धरतात. अंतराळयानं आणि दृश्यपरिणामांवर पाण्यासारखा पैसा ओतणारी मालिका एवढ्याशा खिडकीतून मिळणाऱ्या उत्पन्नावर चालवणं कठीण होतं.

तेव्हा आपल्या मालिकेबाबत पहिला प्रश्न असा विचारा: लोक बघत नाहीत म्हणून ती बंद झाली, की बघतात पण त्या वाहिनीला पैसे मिळतील अशा ठिकाणी बघत नाहीत म्हणून? दुसरं उत्तर असेल तर आशेला जागा आहे, कारण मालिकेला प्रेक्षक आहे आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगाचा आहे. पहिलं उत्तर असेल तर नवा खरेदीदारही तोच हिशेब करील.

ओटीटीवर जाहिरातीच्या दराऐवजी वेगळं गणित चालतं. एका सीझनला आलेला खर्च आणि त्यामुळे मिळालेले किंवा टिकलेले वर्गणीदार यांची तिथे तुलना होते. पहिला भाग सुरू करणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत किती जण पोचले याकडेही बारीक लक्ष असतं. खर्च मात्र दर सीझनला वाढत जातो, कारण कलाकारांचं आणि लेखकांचं मानधन करारानुसार चढतं. प्रेक्षक तेवढेच राहिले तरी तिसरा सीझन पहिल्यापेक्षा महाग पडतो, आणि दोन-तीन सीझननंतर पुष्कळ मालिकांचा गाशा गुंडाळला जातो तो यामुळे.

नेटफ्लिक्सच्या मालिकेची स्थिती बाहेरून थोडीफार अजमावता येते. ते दर मंगळवारी आठवड्याचे टॉप १० आकडे जाहीर करतात. त्यातला ‘व्ह्यूज’ हा आकडा म्हणजे एकूण पाहिलेले तास भागिले सीझनची लांबी. आठ तासांचा सीझन चार कोटी तास पाहिला गेला, तर ते पन्नास लाख व्ह्यूज झाले. इथे नवखे लोक हमखास फसतात, कारण पन्नास लाख व्ह्यूज म्हणजे पन्नास लाख लोकांनी सीझन संपवला असं होत नाही. एक कोटी लोकांनी निम्म्यावर सोडून दिला तरी आकडा तोच येतो. पहिल्या क्रमांकावर असलेली मालिका रद्द कशी झाली, या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथे दडलेलं असतं. यादीतलं स्थान पाहण्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आकडा किती घसरला ते पाहा.

पायरी २: हक्क कोणाकडे आहेत ते बघा

भागाच्या शेवटी जी नामावली येते ती थांबवून वाचा. अगदी शेवटी निर्मिती संस्थांची बोधचिन्हं येतात आणि त्याच्या जवळपास © खुणेपुढे वर्ष आणि कंपनीचं नाव असतं. मालिकेचा कायदेशीर मालक तो. कित्येकदा ते नाव अनोळखी असतं, कारण एकेका मालिकेसाठी वेगळी कंपनी काढलेली असते. तसं असेल तर ती कोणाची, एवढं शोधायचं. मग ते नाव आणि दाखवणाऱ्या वाहिनीचं नाव शेजारी शेजारी ठेवा. तीन शक्यता निघतात.

मालक आणि वाहिनी वेगळी असेल तर दार उघडं आहे. ‘एक्सपान्स’ची मालकी अल्कॉनची असल्याने सायफायने हात झटकल्यावर ती दुसरीकडे न्यायला कोणाची परवानगी लागली नाही. ‘ब्रुकलिन नाइन-नाइन’चं तर याहून सोपं होतं. दाखवत होती फॉक्स, पण बनवत होती युनिव्हर्सल टेलिव्हिजन, आणि ती एनबीसीच्याच घरातली. फॉक्सने १० मे २०१८ ला मालिका सोडली आणि जेमतेम दीड दिवसात एनबीसीने ती घेतली. त्या दीड दिवसात ट्विटरवर चाहत्यांनी आकाश डोक्यावर घेतलं होतं आणि त्याचा उपयोगही झाला असेल, पण एनबीसीला आपल्याच घरचं उत्पादन परत घ्यायचं होतं, हे कारण जास्त वजनदार आहे.

मालक आणि दाखवणारा एकच असेल तर बाहेर विकण्याची शक्यता फार कमी. आपण टाकून दिलेली मालिका प्रतिस्पर्ध्याकडे जाऊन गाजावी असं कोणालाच वाटत नाही. इथे मागणी त्याच कंपनीकडे करावी लागते, आणि ती लहान ठेवावी लागते. नेटफ्लिक्सने ‘सेन्स८’ जून २०१७ मध्ये रद्द केली तेव्हा कथा अर्धवट लटकली होती. जगभरच्या चाहत्यांनी लावून धरल्यावर पूर्ण सीझन काही मिळाला नाही, पण एक मोठा अंतिम भाग मिळाला आणि तो जून २०१८ मध्ये आला.

तिसरी शक्यता सर्वांत फसवी. मालक वेगळा असतो, पण करारात बंदी असते. ‘वन डे ॲट अ टाइम’ सोनीने बनवलेली होती आणि नेटफ्लिक्सने ती मार्च २०१९ मध्ये बंद केली. करारानुसार सोनीला ती दुसऱ्या ओटीटीवर लगेच नेता येत नव्हती, मात्र साध्या केबल वाहिनीवर नेता येत होती. म्हणून ती गेली पॉप टीव्ही या छोट्या वाहिनीकडे. अशा वेळी चाहते दुसऱ्या ओटीटीला कितीही आर्जवं करोत, समोरच्याचे हात बांधलेलेच असतात. करार आपल्याला दिसत नाही, पण व्हरायटी, डेडलाइन यांसारख्या व्यवसायातल्या नियतकालिकांच्या बातमीत एक वाक्य शोधावं: निर्मिती संस्था मालिका दुसरीकडे विकायचा प्रयत्न करणार आहे का? ‘एक्सपान्स’ रद्द झाल्याच्या बातमीबरोबरच अल्कॉन नवं घर शोधणार हेही आलं होतं. ते वाक्य नसेल आणि आठवडाभरात निर्मात्यांनी निरोपाची भाषा सुरू केली, तर बहुधा सगळे पर्याय आतल्या आत तपासून झालेले असतात.

पायरी ३: मुदत ओळखा

कलाकारांशी केलेल्या करारात पुढच्या सीझनसाठी त्यांना बांधून ठेवण्याची एक तारीख असते. अमेरिकन वाहिन्यांच्या मालिकांत ती बहुधा ३० जून असते. त्याआधी कुणी मालिका घेतली नाही तर कलाकार मोकळे होतात, दुसरी कामं घेतात, आणि प्रत्येकाशी नव्याने बोलणी करणं हे स्वतंत्र दुखणं होऊन बसतं. तिथल्या मोठ्या वाहिन्या नव्या हंगामाचं वेळापत्रक मेच्या मध्यावर जाहिरातदारांपुढे ठेवतात, त्यामुळे रद्द होण्याच्या बातम्याही त्याच सुमाराला ओळीने येतात. म्हणजे हातात राहतात सुमारे सहा आठवडे.

सेटचीही तीच गत. मोठा सेट मोडला की मालिकेची किंमत एकदम वाढते, कारण नव्या खरेदीदाराला पहिल्या दिवसापासून सगळं उभं करावं लागतं. गोदामात ठेवायचा तर दर महिन्याचं भाडं कुणीतरी भरावं लागतं. ‘सेट पाडायला सुरुवात झाली’ असं एखाद्या तंत्रज्ञाने किंवा कलाकाराने लिहिलेलं दिसलं, तर मोहिमेचा बराचसा वेळ संपला असं धरून चाला.

‘एक्सपान्स’चं नशीब असं की बातमी आली तेव्हा तिसरा सीझन चालूच होता आणि २७ जूनपर्यंत चालणार होता. नवा खरेदीदार चाचपणी करत असताना दर आठवड्याला नवा भाग येत होता, चर्चा पेटती राहत होती. सीझन संपून दोन महिने झाल्यावर रद्द झालेल्या मालिकेला हा फायदा नसतो.

पायरी ४: एकालाच मागा, आणि त्याला पटेल असं मागा

बहुतेक मोहिमा फसतात त्या इथे. पाच हॅशटॅग, आठ कंपन्यांना टॅग, वाहिनीला शिव्या, आणि चार दिवसांत सगळं थंड. ‘एक्सपान्स’च्या चाहत्यांनी काय केलं ते क्रमाने बघा.

त्यांनी एकच हॅशटॅग धरला, #SaveTheExpanse. ऑनलाइन अर्जावर एक लाखाहून जास्त सह्या जमवल्या. आणि मुख्य म्हणजे ज्याच्याकडे अमेरिकेतले जुने सीझन आधीपासून होते, त्या ॲमेझॉनवर रोख ठेवला. निवड अचूक होती. ज्याच्याकडे पहिले तीन सीझन आहेत त्याला चौथा घेतल्यावर तिन्ही जुने सीझन पुन्हा कामाला येतात, कारण नवा प्रेक्षक पहिल्या भागापासून सुरुवात करतो. तोच चौथा सीझन भलत्याच कंपनीला द्यायचा तर आधीचे सीझन तिच्याकडे नसणार. मग चाहत्यांनी वर्गणी काढून एक छोटं विमान भाड्याने घेतलं आणि शेपटीला हॅशटॅगचा फलक लावून ते सांता मोनिकात ॲमेझॉन स्टुडिओजच्या कचेरीवरून घिरट्या घालत उडवलं. विमान पाहून कुणी करार करत नाही. पण त्याचा फोटो बातम्यांत गेला, आणि मालिकेचं नाव थेट त्या कचेरीपर्यंत पोचलं.

२५ मेच्या संध्याकाळी लॉस एंजेलिसमध्ये अंतराळविषयक परिषद होती. मालिकेचे कलाकार तिथे होते आणि ॲमेझॉनचा तेव्हाचा प्रमुख जेफ बेझोसही. त्याने मंचावरून जाहीर केलं की मालिका वाचली आहे. पडद्यामागे अल्कॉन आणि ॲमेझॉनची बोलणी आधीच चालू होती आणि त्यांच्याशिवाय काही झालं नसतं. चाहत्यांनी केलं ते हे की बोलणी करणाऱ्यांच्या हातात प्रेक्षक आहे याचा ताजा पुरावा दिला.

सही या पुराव्यात फार हलकी धरली जाते. सही करायला अर्धं मिनिट लागतं आणि तिच्यामागे पैसा नसतो. जिथून पैसा येतो तिथे हालचाल दाखवली तर ती वजनदार ठरते. एनबीसीची ‘चक’ २००९ मध्ये काठावर होती, तेव्हा चाहत्यांनी वाहिनीला पत्रं पाठवण्याऐवजी जाहिरातदार गाठला. सबवे ही सँडविचची साखळी मालिकेत आधीपासून झळकत होती. सीझनचा शेवटचा भाग लागायच्या दिवशी, २७ एप्रिलला, चाहते सबवेत गेले, सँडविच विकत घेतलं आणि अभिप्रायाच्या चिठ्ठीवर लिहून आले की आम्ही ‘चक’मुळे आलो आहोत. पुढच्या महिन्यात १३ भागांचा तिसरा सीझन मंजूर झाला आणि सबवे त्याचा प्रायोजक होता.

ओटीटीच्या बाबतीत असा पुरावा म्हणजे प्रत्यक्ष पाहणं. एनबीसीने ‘मॅनिफेस्ट’ जून २०२१ च्या मध्यावर रद्द केली. त्याच्या चारच दिवस आधी जुने सीझन अमेरिकेत नेटफ्लिक्सवर आले होते आणि बघता बघता पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. नेटफ्लिक्सला सुरुवातीला रस नव्हता, पण आठवड्यांमागून आठवडे लोक बघतच राहिले. ऑगस्टच्या अखेरीस २० भागांचा शेवटचा सीझन मंजूर झाला. तेव्हा नव्या प्रेक्षकाला पहिल्या भागावर आणून बसवणं आणि शेवटच्या भागापर्यंत सोबत करणं, हे चाहत्याचं सर्वांत उपयोगी काम. आपणच तोच भाग रात्रभर लावून ठेवण्याने फारसं साधत नाही. कंपनीला खाती मोजायची असतात, आणि तुमचं खातं एकच असतं.

संदेश लिहिताना चार ओळी पुरतात: तुम्ही कोणत्या देशात आहात, मालिका कुठे पाहिली, त्या सेवेची वर्गणी भरता का, आणि पुढचा सीझन आला तर कुठे पाहाल. पुण्यातून किंवा न्यू जर्सीतून लिहिताय हे जरूर सांगा, कारण ओटीटीला देशवार मागणी मोलाची असते. वाहिनीच्या अधिकाऱ्याला खाजगी खात्यावर गाठणं, कलाकारांना ‘तुम्हीच काही करा’ म्हणून पिडणं पूर्णपणे टाळा. तेच लोक आत बसून मालिकेची बाजू मांडत असतात.

वर्गणी काढून मालिका काढता येते का?

सीझन काढता येत नाही, असंच धरा. ‘व्हेरोनिका मार्स’च्या चाहत्यांनी २०१३ मध्ये किकस्टार्टरवर ५७ लाख डॉलर जमवले. ९१ हजारांहून अधिक लोकांनी पैसे घातले. एवढ्या पैशात बेताच्या खर्चाचा एक चित्रपट झाला. तोही वॉर्नर ब्रदर्स या हक्कधारक कंपनीने होकार दिला म्हणून, आणि मोहीम स्वतः मालिकेच्या निर्मात्याने चालवली म्हणून. हक्कधारकाचा होकार नसताना कुणी चाहता ‘पुढच्या सीझनसाठी’ पैसे गोळा करत असेल तर देऊ नका. विमानाच्या फलकासारख्या ठरावीक खर्चाच्या गोष्टीला, हिशेब जाहीर असेल तर, जरूर द्या.

मराठी आणि हिंदी मालिकांचं काय?

आपल्याकडे गणित निराळं आहे. वाहिनी निर्मात्याला भागामागे ठरलेले पैसे देते आणि मालिकेची मालकी साधारणपणे वाहिनीकडेच जाते. त्यामुळे टीआरपी घसरला, स्लॉट बदलला आणि मालिका गुंडाळली, तर निर्माता ती उचलून दुसऱ्या वाहिनीकडे सहसा नेऊ शकत नाही. परत यायची झाली तर त्याच घरात येते. ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ स्टार वनवर होती, २०१७ मध्ये परतली ती स्टारच्याच हॉटस्टारवर. ‘सीआयडी’ २०१८ मध्ये थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सोनीवरच पुन्हा सुरू झाली. म्हणून बंद पडलेल्या मराठी मालिकेसाठी दुसऱ्या वाहिनीचे उंबरे झिजवू नका. मूळ वाहिनीच्याच ओटीटी ॲपवर जुने भाग बघा, इतरांना तिथेच बघायला सांगा, आणि मागणीही त्याच घराकडे करा. अनधिकृत यूट्यूब चॅनेलवर पाहिलेले लाखो व्ह्यूज या हिशेबात शून्य धरले जातात.

पायरी ५: मालिका परत आली की काम सुरू होतं

सीबीएसने २००७ मध्ये ‘जेरिको’ रद्द केली. शेवटच्या भागातल्या ‘नट्स’ या उद्गाराचा धागा पकडून चाहत्यांनी वाहिनीच्या कचेरीत वीस टनांच्या वर शेंगदाणे पाठवले. वाहिनी नमली आणि सात भाग मंजूर झाले. पण त्याबरोबर स्पष्ट सांगण्यात आलं की पुढे जायचं तर आणखी प्रेक्षक आणा, आणि मालिका प्रक्षेपणाच्या वेळी बघा. सात भाग २००८ च्या सुरुवातीलाच आले, पण पुरेसे प्रेक्षक आले नाहीत आणि मार्चमध्ये मालिका दुसऱ्यांदा बंद झाली. शेंगदाणे पाठवणारे निष्ठावान होते, पण आधीच बघणारेही तेच होते.

‘वन डे ॲट अ टाइम’ला वेगळ्या गोष्टीने घेरलं. छोट्या वाहिनीवर गेल्यामुळे तिचा प्रेक्षक आधीच कमी झाला. मार्च २०२० मध्ये चौथा सीझन सुरू झाला आणि करोनामुळे चित्रीकरण मध्येच थांबलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॉपनेही ती सोडली. ‘एक्सपान्स’ मात्र ॲमेझॉनवर आणखी तीन सीझन चालली आणि जानेवारी २०२२ मध्ये संपली. तिथेही शेवटचा सीझन फक्त सहा भागांचा होता.

मालिका वाचल्याची बातमी आली की तीन गोष्टी लगेच बघून ठेवा: किती भाग मंजूर झाले, तो शेवटचा सीझन म्हणून जाहीर झालाय का, आणि तुमच्या देशात तो कुठे दिसणार. घर बदललं की बाहेरच्या देशांतले हक्कही बदलतात, आणि जुने सीझन एका ॲपवर, नवा दुसऱ्यावर अशी पंचाईत महिनोन्महिने राहू शकते. मंजूर भाग कमी असतील तर पहिल्या आठवड्यापासून नवा प्रेक्षक आणायला लागा, कारण पुढचा निर्णय त्या सुरुवातीच्या आठवड्यांच्या आकड्यांवर होतो.